वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचं नाव: एका पॅन दुरुस्तीचं प्रकरण

आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने २०२४ साली संचालक मंडळात एका महिला सभासदाला घ्यायचं ठरवलं. ठराव झाला, डिजिटल सही काढली आणि कंपनी सेक्रेटरीने संचालक क्रमांकासाठी, म्हणजे डीआयएनसाठी, डीआयआर-३ हा फॉर्म भरायला घेतला. फॉर्म पॅनच्या पडताळणीवरच अडला. नाव जुळलं, जन्मतारीख जुळली, वडिलांचं नाव जुळलं नाही. कागद माझ्याकडे आले ते तिथून. मी तालुक्याच्या गावी विवरणपत्रं भरण्याचं काम करतो आणि पॅनच्या दुरुस्त्या ओघानेच येतात.

खरी नावं इथे देत नाही. गुंता कळावा म्हणून नमुन्याची नावं घेऊ. माहेरचं नाव लता रामचंद्र शिंदे, लग्नानंतरचं लता विष्णू पवार. पॅन कार्डावर नाव LATA VISHNU PAWAR असं बरोबर होतं. त्याखाली वडिलांच्या नावाच्या ओळीत छापलं होतं VISHNU PAWAR. म्हणजे कार्डाप्रमाणे नवराच बाप. शिवाय फोटो इतका काळपट की कुंकू तेवढं ओळखू यावं, आणि सही म्हणून 'लता' एवढीच दोन अक्षरं, तीही चौकटीत अर्धी कापली गेलेली.

ही चूक दुर्मीळ नाही. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी कागदांवर 'वडिलांचे/पतीचे नाव' असा एकच रकाना असतो. विवाहित बाईच्या मतदार ओळखपत्रावर पतीचं नाव असतं, आधारवर पत्त्याच्या सुरुवातीला नवऱ्याचं नाव असतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांचे पॅन एकदम काढले गेले तेव्हा ज्या माणसाने अर्ज भरले, त्याने मतदार ओळखपत्र समोर ठेवून नावं उतरवली. पॅनच्या अर्जातला रकाना मात्र फक्त वडिलांचा आहे. अर्जाच्या सूचनांमध्येच लिहिलेलं आहे की विवाहित स्त्रीनेही वडिलांचंच नाव द्यायचं, नवऱ्याचं नाही. आई एकटीनेच मुलाला वाढवत असेल तर ५ डिसेंबर २०१८ पासून वडिलांचं नाव न देता आईचं देता येतं. ती एक सवलत सोडली तर पर्याय नाही.

मग इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण रोजच्या व्यवहारात पॅनवरचं वडिलांचं नाव कुणी तपासतच नाही. आधारशी पॅन जोडताना नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळवलं जातं. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅनची पडताळणी करताना नाव आणि जन्मतारीख विचारतात. बँकही तेवढंच बघते. लताताईंचं आधार पॅनशी विनातक्रार जोडलेलं होतं, खात्यात अनुदान येत होतं, ठेवीही होत्या. डीआयएनच्या अर्जात मात्र वडिलांचं नाव सक्तीचं आहे, विवाहित महिलेलाही, आणि ते पॅनच्या नोंदीशी ताडून बघितलं जातं. त्यामुळे एरवी निपचित पडलेली चूक तिथे पहिल्यांदा उठून बसली. कुणी म्हणेल, मग फॉर्ममध्येही नवऱ्याचंच नाव टाकून मोकळं व्हावं. तसा सल्ला त्यांना मिळालाही होता. कंपनीच्या कायदेशीर अर्जात जाणूनबुजून खोटा बाप लिहायचा, आणि ती नोंद पुढे संचालकाच्या माहितीत कायम राहू द्यायची, हा सल्ला देणाऱ्याचं डोकं तपासायला हवं.

माझ्याकडे येण्याआधी लताताईंच्या मुलाने स्वतः एक प्रयत्न केला होता. त्याने संकेतस्थळावर जाऊन ५० रुपये भरले आणि 'रीप्रिंट' मागवलं. कार्ड आलं, चकचकीत, क्यूआर कोडसकट, आणि त्यावर वडिलांच्या जागी पुन्हा विष्णू पवार. पैसे घेऊन काम केलं नाही म्हणून तो चिडला होता, पण यंत्रणेने आपलं काम केलं होतं. रीप्रिंट म्हणजे नोंदीत जे आहे तेच पुन्हा छापणं. तिथे ना फोटो बदलतो, ना सही, ना कुठलं नाव. कार्ड हरवलं, झिजलं तर ही सोय. नोंदच चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्जच करावा लागतो. गोंधळ होतो कारण संकेतस्थळावर अर्जाचा प्रकार निवडताना दोन्ही गोष्टी एकाच ओळीत येतात: `Changes or Correction in existing PAN Data / Reprint of PAN Card (No changes in existing PAN Data)`. घाईत माणूस शेवटचे शब्द वाचतो आणि सर्वांत स्वस्त वाट धरतो.

दुसरी एक वाट त्यांना कुणीतरी सुचवली होती: हे कार्ड सोडा, नवाच पॅन काढा. ही सर्वांत धोक्याची. एका व्यक्तीला एकच पॅन ठेवता येतो आणि दुसरा घेतल्यास १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दुरुस्तीत क्रमांक बदलत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. बँक, अनुदान, ठेवी सगळं त्या दहा अक्षर-अंकांवर चाललेलं असतं आणि ते तसंच चालू राहतं. क्रमांकातलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं. लताताईंचा पॅन लग्नानंतरचा म्हणून तिथे P होतं. एखादीने माहेरच्या नावाने पॅन काढला असेल आणि पुढे आडनाव बदलून घेतलं, तरी ते अक्षर माहेरचंच राहतं. त्यात चूक काही नाही.

पॅनचे अर्ज घेणाऱ्या दोन संस्था आहेत. एक प्रोटियन, जी आधी एनएसडीएल ई-गव्ह म्हणून ओळखली जायची आणि जिचं पॅनचं काम पुण्यात बाणेरहून चालतं. दुसरी यूटीआयआयटीएसएल, नवी मुंबईत बेलापूरला. दोन्हींकडून जाणारा अर्ज शेवटी आयकर खात्याच्या एकाच नोंदीत जातो. आम्ही पहिलीकडे गेलो, ते केवळ सवयीने.

खरा विचार करावा लागला तो अर्ज कोणत्या पद्धतीने द्यायचा याचा. ऑनलाइन अर्ज सुरू केला की तीन वाटा येतात. पहिली पूर्ण कागदविरहित: आधारच्या ओटीपीवर ओळख पटते, ई-सही होते, काही पाठवावं लागत नाही. दुसरी, फोटो, सही आणि कागद स्कॅन करून चढवायचे आणि आधारच्या ओटीपीने ई-सही करायची. तिसरी, अर्ज ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत, फोटो आणि कागदांसह टपालाने पाठवायची. कागदविरहित वाटेचं शुल्क तेव्हा १०१ रुपये होतं, कागदी वाटेचं १०७. सहा रुपयांच्या फरकाकडे बघून निर्णय करू नये, कारण या वाटांमध्ये कार्डावर काय छापलं जाईल हेच बदलतं.

कागदविरहित वाटेत फोटो आधारवरून उचलला जातो. ज्यांचा आधारवरचा फोटो बरा आहे त्यांना हे सोपं पडतं. लताताईंचा आधारचा फोटो पॅनच्या फोटोइतकाच वाईट होता. म्हणजे एक काळपट चेहरा जाऊन दुसरा आला असता. शिवाय वडिलांचं नाव आधारवर नव्हतंच, तिथेही नवराच होता. जिथे पुरावाच आधारबाहेरचा आहे, तिथे आधारवर भिस्त ठेवून काय साधणार? सहीही बदलायची होती. दुसरी वाट चालली असती, पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला होता आणि ओटीपी येणार कुठे? तो बदलायला आधार केंद्रात जावं लागलं असतं. आम्ही टपालाची वाट घेतली. शाईची सही, हातात धरलेला फोटो, कागदांची चळत. जुनी पद्धत आहे, पण या तीन चुकांसाठी मला तीच जास्त भरवशाची वाटते.

आता वडिलांच्या नावाचा पुरावा. लताताई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आल्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की काम झालं. दाखल्यावर लिहिलं होतं: लता रामचंद्र शिंदे. वडिलांचं नाव त्यात होतं, प्रश्नच नाही. पण अर्ज होता लता विष्णू पवार यांचा. अर्ज तपासणाऱ्या माणसाला या दोन बायका एकच आहेत हे कशावरून कळावं? तो पुण्यात टेबलावर कागद बघतो, त्याला गाव माहीत नाही, नातं माहीत नाही. असा अर्ज त्रुटीपत्र येऊन अडतो, आणि पत्रात 'योग्य पुरावा जोडा' एवढंच असलं की लोक तोच दाखला पुन्हा पाठवतात.

हा दुवा जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाहनोंदणी होते आणि खेड्यात ग्रामसेवक निबंधकाचं काम करतो. लताताईंच्या लग्नाची नोंद झालेली नव्हती, कारण त्या काळी कुणी करत नसे. उशिरानेही नोंद करता येते. ती त्यांनी ग्रामपंचायतीतून करून घेतली. दाखल्यात पतीचं नाव विष्णू ... पवार आणि पत्नीचं नाव लता रामचंद्र शिंदे असं आलं. या कागदावर सासरचं पूर्ण नाव नसलं तरी चालतं. शाळेच्या दाखल्यावरची लता आणि विवाह दाखल्यातली पत्नी एकच दिसते, आणि विवाह दाखल्यातला पती पॅनवरच्या मधल्या नावाशी आणि आडनावाशी जुळतो. दोन्ही कागद एकत्र ठेवले की साखळी पूर्ण होते. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांचं काम यापेक्षा सोपं, कारण त्याच्या शेवटच्या पानावर वडिलांचं आणि जोडीदाराचं नाव दोन्ही असतं.

इथे स्पेलिंगचा एक मुद्दा येतो. शाळेचा दाखला मराठीत, विवाह दाखल्यात रामचंद्र; इंग्रजीत काय लिहायचं? RAMCHANDRA की RAMACHANDRA? ज्या स्पेलिंगने ही नोंद होईल तेच पुढे डीआयएनच्या अर्जात अक्षरशः तसंच लागणार. म्हणून अर्ज भरण्याआधी कंपनी सेक्रेटरीला फोन करून एकच स्पेलिंग ठरवलं आणि त्याने ते आपल्याकडे लिहून ठेवलं. वडिलांच्या नावातही आडनाव, नाव, मधलं नाव असे वेगवेगळे रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात SHINDE, नावाच्या रकान्यात RAMCHANDRA. आजोबांचं नाव कागदांत कुठेच नव्हतं, म्हणून मधला रकाना रिकामा ठेवला.

अर्जात डाव्या कडेला प्रत्येक रकान्यापाशी एक छोटी चौकट असते. जिथे बदल हवा तिथेच खूण करायची. बाकी रकाने सक्तीचे असतात तेवढे भरायचे, पण चौकटीला हात लावायचा नाही. आम्ही तीन ठिकाणी खूण केली: वडिलांचं नाव, फोटो आणि सही. नावाच्या चौकटीला खूण केली नाही, कारण नाव बरोबर होतं. चुकून तिथे खूण पडली तर नाव बदलण्याचा पुरावाही मागतात. उलट खूण करायची राहिली तर रकान्यात कितीही बरोबर लिहा, जुनंच छापून येतं. कुठेच खूण नसेल तर तो अर्ज नव्या कार्डाच्या मागणीसारखा धरला जातो, म्हणजे मुलाच्या रीप्रिंटची पुनरावृत्ती. कार्डावर आईचं नाव छापायचं की वडिलांचं, असाही प्रश्न अर्जात येतो. लताताईंना आईचं नाव छापून आलं तर आवडलं असतं, पण कार्ड घेऊन कंपनीच्या कामाला बसायचं होतं, तेव्हा वडिलांचं ठेवलं.

फोटो आणि सहीचा भाग दिसायला साधा, पण अर्ज परत येतात ते बरेचदा इथेच. साडेतीन बाय अडीच सेंटिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे दोन रंगीत फोटो लागतात. ते चिकटवायचे. स्टेपलर नाही, टाचणी नाही. डाव्या बाजूच्या फोटोवर आडवी सही अशी करायची की तिचा थोडा भाग फोटोवर आणि थोडा कागदावर येईल. उजव्या बाजूच्या फोटोवर मात्र काहीही लिहायचं नाही, कारण तोच चेहरा कार्डावर उतरणार आहे. चेहऱ्यावर शाईची रेघ गेली तर अर्ज घेतला जात नाही. दोन्ही फोटोंवर सही करून आणणारे लोक मी सतत बघतो. बँकेत तसं करायची सवय असते.

खरी सही उजव्या फोटोखालच्या चौकटीत करायची. कार्डावर छापली जाते ती हीच, आणि चौकटीच्या रेघेपलीकडे गेलेला भाग कापला जातो. लताताईंच्या जुन्या कार्डावरची अर्धी सही याच कारणाने तशी होती. पेनही महत्त्वाचं. निळं जेल पेन स्कॅनमध्ये फिकं येतं; काळा बॉलपेन घ्यावा. मी आधी कोऱ्या कागदावर तेवढीच चौकट आखून त्यांच्याकडून तीनचार वेळा सही करून घेतली, मग अर्जावर. अडखळत केलेली सही पुढच्या वीस वर्षांसाठी कार्डावर बसते.

सही कोणती करायची, हाही प्रश्न होताच. पूर्वी 'लता' एवढीच करत. आता बँकेत त्या 'ल. वि. पवार' अशी देवनागरीत करतात. देवनागरी सही पॅनला चालते. मी बँकेतलीच सही अर्जावर करायला सांगितली. लोकांना वाटतं, पॅनवरची सही बदलली की बँकेतलीही बदलते. तसं नाही. बँक आपल्याकडचा सहीचा नमुना धरते आणि तो बदलायचा अर्ज बँकेतच करावा लागतो. पण दोन्ही एकसारख्या असल्या की ओळखपत्र म्हणून पॅन दाखवताना वाद निघत नाही. त्याच गटातल्या एका आजींच्या कार्डावर अंगठा होता. अंगठाही चालतो, डाव्या हाताचा, पण तो दंडाधिकारी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी साक्षांकित करून घ्यावा लागतो. आजी आता सही करायला शिकल्यात. त्यांनीही बदल करून घेतला, आणि नुसत्या सहीच्या बदलाला वडिलांच्या नावासारखा वेगळा पुरावा लागला नाही, नेहमीचे ओळखीचे कागद पुरले.

पाकिटात आम्ही घातलं: सही केलेली अर्जाची छापील पोच, पॅन कार्डाची प्रत, ओळख, पत्ता आणि जन्मतारखेसाठी आधारची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला. प्रत्येक प्रतीवर त्यांची सही. पाकिटावर `APPLICATION FOR PAN CHANGE REQUEST` आणि १५ अंकी पोचक्रमांक. ऑनलाइन अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत कागद पोचायला हवेत, म्हणून स्पीड पोस्टने पाठवलं. पोचक्रमांकाचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवायला सांगितला. अर्ज कुठवर आला ते त्यावरच बघता येतं.

अर्जात ईमेल दिलेला होता म्हणून आधी ई-पॅन आलं. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड जन्मतारीख असते, दिवस-महिना-वर्ष असे आठ अंक. कार्ड पोस्टाने येण्याची वाट न बघता ती प्रत बारकाईने वाचली, कारण त्यात जे आहे तेच कार्डावर छापलं जातं. वडिलांचं नाव RAMCHANDRA SHINDE, फोटो स्वच्छ, सही चौकटीत पूर्ण. नंतर क्यूआर कोड वाचून बघितला. २०१८ पासूनच्या कार्डांवरच्या कोडमध्ये नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही असतात, आणि आयकर खात्यासाठीच्या ठरावीक अॅपनेच तो वाचता येतो. मुलाच्या रीप्रिंट कार्डाचा कोड त्याच अॅपने वाचला तर विष्णू पवारच आले, म्हणजे त्या कार्डाची प्रत यापुढे कुठे द्यायची नाही.

डीआयएनसाठी प्लास्टिकचं कार्ड हातात येण्याची गरज नव्हती. तिथली पडताळणी कार्ड बघत नाही, नोंद बघते, आणि ई-पॅन आलं म्हणजे नोंद बदललेली असते. सेक्रेटरीने ठरलेल्या स्पेलिंगने फॉर्म पुन्हा भरला, यावेळी तिन्ही गोष्टी जुळल्या. बँकेला फक्त नव्या कार्डाची प्रत दिली. पॅन क्रमांक तोच असल्याने तिथे दुसरं काही करावं लागलं नाही. गटातल्या बाकीच्या बायकांनी आपापली कार्डं काढून बघितली तेव्हा आणखी काहींच्या वडिलांच्या ओळीत नवरेच निघाले. त्यांतल्या ज्यांना कंपनीत कुठल्या पदावर यायचं नाही, त्यांना मी सांगितलं की घाई नाही, पण विवाहाची नोंद आधी करून घ्या, कारण वेळ खाणारा कागद तोच आहे.